मनाली, सहावा महिना: आधी रक्ताचा हिशेब, मग रस्त्याचा

मार्च-एप्रिल आला की स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. तपासणी झालेली असते, गोळ्या लिहून झालेल्या असतात, आणि उठता उठता नवरा विचारतो, "मॅडम, मे महिन्यात मनालीचं बुकिंग आहे. नेऊ ना हिला?" सोबत आलेल्या सासूबाई लगेच म्हणतात, "तिथे ऑक्सिजन कमी असतो म्हणे." आम्ही तिथल्या तिथे हो किंवा नाही सांगत नाही. सहलीचा कार्यक्रम कागदावर लिहून आणायला सांगतो: कोणत्या रात्री मुक्काम कुठे, जायचं कशाने, निघायचं किती वाजता. त्या कागदावर पुढे काय काय तपासलं जातं, ते अशाच एका कार्यक्रमावरून सांगतो.

पुण्यातली मुलगी, वय 29, पहिलटकरीण, 19 आठवडे झालेले. सहल चार आठवड्यांनी, म्हणजे 23व्या आठवड्यात. बेत असा होता: पुण्याहून विमानाने चंदीगड, तिथून रात्रीच्या व्होल्वोने सकाळी मनाली, त्याच दुपारी सोलांग, दुसऱ्या दिवशी रोहतांग, आणि तिसऱ्या दिवशी अटल बोगद्यातून पलीकडे जाऊन केलाँगला दोन रात्री.

पहिलं काम म्हणजे प्रत्येक ठिकाणापुढे उंची लिहिणं. पुणे 560 मीटर, मनाली 2,050, सोलांग सुमारे 2,500, केलाँग आणि बोगद्यापलीकडचं सिस्सू 3,100च्या आसपास, रोहतांग 3,978. हवेतला ऑक्सिजनचा वाटा सगळीकडे तेवढाच, म्हणजे जवळपास 21 टक्के असतो. वर जाताना कमी होतो तो हवेचा दाब, त्यामुळे एका श्वासात आत येणारा ऑक्सिजन घटतो. समुद्रसपाटीच्या तुलनेत मनालीत तो साधारण पाऊणपट मिळतो, केलाँगला दोन तृतीयांशाच्या जवळपास, रोहतांगला साठ टक्क्यांच्या आसपास. आता हेही लक्षात घ्या की विमानाच्या केबिनमधला दाब 1,800 ते 2,400 मीटर उंचीइतका ठेवलेला असतो. म्हणजे चंदीगडच्या विमानात बसली तेव्हाच ती दोन-अडीच तास मनालीच्या उंचीवर राहून येणार होती. मनालीचं नाव काढताच घाबरणाऱ्या घरच्यांना एवढं सांगितलं की बोलणं सोपं होतं.

गरोदर बाईचं शरीर या बाबतीत थोडं आधीच तयार असतं. प्रोजेस्टेरॉनमुळे तिचा श्वास नेहमीपेक्षा खोल चालतो. बाळाचंही तसंच. वारेतून बाळाकडे जाणाऱ्या रक्तात ऑक्सिजनचा दाब मुळातच फार कमी, 30 मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि त्यात भागावं म्हणून बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचं असतं. ते ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं. म्हणून ऑक्सिमीटरवर आईचा आकडा 98 वरून 94 झाला तरी निरोगी गरोदरपणात बाळाला काही जाणवत नाही. 90च्या खाली मात्र गोष्ट बदलते. तिथून पुढे दाबात थोडीशी घट झाली तरी आईच्या रक्तातला ऑक्सिजन भराभर उतरतो. महिनोन्‌महिने 2,500 मीटरच्या वर राहणाऱ्या बायकांमध्ये बाळाचं वजन कमी भरणं आणि रक्तदाब वाढणं जास्त आढळतं. चार दिवसांच्या सहलीला तो नियम जसाच्या तसा लागत नाही, पण झोपायचं 2,500च्या खाली, ही मर्यादा आम्ही त्यावरूनच पाळतो.

या मुलीच्या बाबतीत खरा अडथळा उंचीचा नव्हताच. फाईल उघडली तर हिमोग्लोबिन 9.4 आणि फेरिटिन 9, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपलेला. बीपी 112/70, साखर ठीक, 19 आठवड्यांच्या अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये बाळ व्यवस्थित, वार वरच्या बाजूला, गर्भाशयाच्या तोंडाची लांबी 3.6 सेंटिमीटर. वार खाली असती किंवा तोंडाची लांबी 2.5च्या आत असती, तर कागद तिथेच मिटला असता. कारण मग रक्तस्राव आणि वेळेआधी कळा, या दोन्हींची भीती रस्त्यात सोबत घेऊन जायची होती. 9.4 हिमोग्लोबिनकडे मात्र घरच्यांनी "थोडं कमी आहे" एवढंच म्हणून पाहिलं होतं.

ऑक्सिमीटर फक्त एवढंच सांगतो की जेवढं हिमोग्लोबिन आहे, त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलंय. मुळात हिमोग्लोबिन आहे किती, हे त्याला कळत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं की साधारण 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. हिशेब आम्ही त्या दोघांसमोरच मांडला. पुण्यात तिचा आकडा 98 होता: 9.4 गुणिले 1.34 गुणिले 0.98, म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 12.3 मिलिलिटर ऑक्सिजन. हिमोग्लोबिन 12 असलेली बाई केलाँगला जाऊन तिचा आकडा 90 वर आला, तरी तिच्या रक्तात 14.5 असतो. पुण्यात, स्वतःच्या घरात, 98 आकडा असूनही हिच्या रक्तात त्या बाईपेक्षा कमी ऑक्सिजन होता. आणि याच हिमोग्लोबिनवर ती रोहतांगला गेली असती, तिथे आकडा 85 वर आला असता, तर उरले असते 10.7.

लोहाच्या गोळ्यांनी चार आठवड्यांत एवढी तूट भरून निघेल याची खात्री नव्हती. शिवाय गोळ्यांनी तिचं पोट बिघडत होतं आणि ती त्या अधूनमधून चुकवत होती. दुसरी तिमाही सुरू झालेली असल्याने शिरेतून लोह देता आलं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज 1,000 मिलिग्रॅम, सलाइनमधून, दवाखान्यात, आणि त्यानंतर अर्धा तास तिथेच देखरेखीखाली. निघण्याआधी पुन्हा तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन 10.9 झालं होतं. आता सिस्सूला तिचा आकडा 91 आला तरी हिशेब 13.3 वर जातो, म्हणजे महिन्यापूर्वीच्या पुण्यातल्यापेक्षा जास्त. सहलीचा बेत ठरतो त्याच आठवड्यात हिमोग्लोबिन तपासा, असा आमचा आग्रह असतो तो यासाठीच. निघायच्या दोन दिवस आधी 9.4 कळून उपयोग नसतो, लोहाला काम करायला तीन-चार आठवडे लागतात.

ज्यांना जाऊच देत नाही अशाही बायका असतात: बीपी वाढलेलं, बाळाची वाढ मागे पडलेली किंवा वारेचा रक्तपुरवठा कमी, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार, अंगावरून जाऊन गेलेलं. अशांनी 2,500 मीटरच्या वर जायचंच नाही, आणि यातल्या काहींनी घरापासून तासाभराच्या पलीकडेही जाऊ नये. सहा-सात आठवड्यांच्या बाईला आम्ही वेगळंच विचारतो: गर्भ गर्भाशयातच आहे हे सोनोग्राफीत दिसलंय का? नळीतला गर्भ फुटला तर पोटात होणारा रक्तस्राव घाटात थांबवता येत नाही.

आता रस्ता. इथे आम्ही प्रत्येक मुक्कामापुढे एक वेळ लिहायला लावतो: या खोलीतून निघाल्यापासून रात्री सिझेरियन होऊ शकेल आणि रक्त मिळेल अशा रुग्णालयाच्या टेबलापर्यंत किती वेळ? नकाशा दाखवतो तो वेळ मोकळ्या रस्त्याचा असतो. मे महिन्यात मनालीच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात, म्हणून तो दुप्पट धरायचा. त्यात गाडी मिळेपर्यंतचा अर्धा तास मिळवायचा. मनालीत मिशनचं जुनं रुग्णालय आहे, 40 किलोमीटर खाली कुल्लूला सरकारी प्रादेशिक रुग्णालय आहे, आणि मंडीजवळ नेरचौकला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, मनालीपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पण नाव असणं आणि रात्री दोन वाजता सोय असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून नवऱ्याला फोन करायला लावले. काय विचारायचं तेही लिहून दिलं: रात्री सिझेरियन होतं का, भूलतज्ज्ञ आवारातच राहतात की बोलवावे लागतात, रक्ताच्या पिशव्या तिथे साठवलेल्या असतात की दुसरीकडून आणाव्या लागतात, आणि कमी दिवसांच्या बाळासाठी व्हेंटिलेटर आहे का. हे चारही प्रश्न रिसेप्शनवर विचारले तर उत्तर बहुतेकदा "हो, सगळं आहे" असंच येतं. लेबर रूमच्या सिस्टरना फोन जोडून मागायचा, त्या नेमकं सांगतात.

व्हेंटिलेटरचा प्रश्न गरोदरपणाच्या दिवसांवर अवलंबून असतो. 24 आठवड्यांच्या आधी काही झालं तर मुख्य काम आईला वाचवण्याचं असतं, आणि तालुक्याच्या ठिकाणचं चांगलं रुग्णालय ते करू शकतं. त्यानंतर बाळालाही वाचवण्याची शक्यता तयार होते, आणि मग हवं असलेलं रुग्णालय बदलतं. कळा सुरू झाल्यास बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यावी लागतात, त्यांचा पूर्ण उपयोग होण्यासाठी साधारण 24 तास मिळावे लागतात, आणि जन्मानंतर नवजात अतिदक्षता विभाग लागतो. असा विभाग डोंगरात जवळ नसतो. त्यामुळे ही सहल 23व्या आठवड्यात होती हे सोयीचं होतं, आणि ती जूनवर ढकलू नका असंच आम्ही सांगितलं.

केलाँगचे दोन मुक्काम आम्ही खोडले, ते 3,100 मीटर उंचीमुळे आणि त्याहून अधिक बोगद्यामुळे. 2020च्या ऑक्टोबरमध्ये 9 किलोमीटरचा अटल बोगदा सुरू होईपर्यंत केलाँग ज्या भागात आहे त्या लाहौलमधून मनालीला उतरायचं म्हणजे आधी रोहतांग चढायची, जवळपास 4,000 मीटरवर जायचं. आता ते चढणं वाचलं. तरीही केलाँगहून खाली येण्याचा नेहमीचा मार्ग त्या एकाच बोगद्यातून आहे, आणि बर्फ, अपघात किंवा गर्दीने तो अडला तर बाई 3,100 मीटरवरच अडकते. लडाखमध्ये हे याहून अवघड आहे. लेह 3,500 मीटरवर आहे आणि तिथे मोठं रुग्णालय आहे. पण पँगाँगच्या तंबूत श्वास लागला तर लेहकडे येताना वाटेत 5,300 मीटरहून उंच चांग ला ओलांडावी लागते. उंचीच्या आजारावर पहिला उपाय म्हणजे खाली उतरणं, आणि इथे खाली उतरण्यासाठी आधी हजार मीटर वर चढावं लागतं. गरोदर बाईला पँगाँगला आम्ही कोणत्याच महिन्यात पाठवत नाही. अमरनाथ यात्रेत तर सहा आठवड्यांपुढच्या गरोदर बाईची नोंदणीच होत नाही.

शेवटी ठरलेला कार्यक्रम असा: चंदीगडला उतरून तिथेच रात्र. सकाळी स्वतंत्र गाडीने मंडी, तिथे दुसरी रात्र, म्हणजे घाटातला प्रवास दिवसाउजेडी आणि दोन तुकड्यांत. मग मनालीत चार रात्री, पहिला पूर्ण दिवस फक्त आराम आणि सपाटीवर चालणं. रोहतांग रद्द. सिस्सूला एकदा, सकाळी लवकर, गाडीने जाऊन दोन तासांत परत, आणि तेही मनालीतले आकडे चांगले असतील तरच. घोडा, राफ्टिंग, झिपलाइन, बर्फातली स्कूटर यातलं काही नाही, कारण पोटाला बसलेल्या धक्क्याने वार सुटू शकते.

बॅगेत फाईलची प्रत, रक्तगटाचा कागद, दंडावर बांधायचं बीपी मशीन आणि ऑक्सिमीटर. ऑक्सिमीटर घरीच तीन-चार दिवस वापरून आपला नेहमीचा आकडा माहीत करून घ्यायचा. पुण्यात बसल्या बसल्या 95च्या खाली येत असेल तर सहल बाजूला ठेवून आधी त्याचं कारण शोधायचं. डोंगरात चुकीचे आकडे येतात ते बहुधा गार पडलेल्या बोटांमुळे. पाच मिनिटं बसायचं, हात चोळून गरम करायचे, नेलपॉलिश काढायचं, गडद मेंदी असेल तर मेंदी नसलेलं बोट घ्यायचं, आणि यंत्र लावल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबायचं. यंत्रावरचे नाडीचे ठोके मनगटावर मोजलेल्या ठोक्यांशी जुळत नसतील तर ऑक्सिजनच्या आकड्यावरही विश्वास ठेवायचा नाही. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी, दोनदा पुरे. दर दहा मिनिटांनी बोट यंत्रात घालणाऱ्या बाईची धडधड त्या यंत्रानेच वाढते.

आमच्या मर्यादा साध्या होत्या. मनालीत बसून 92 किंवा वर असेल तर ठीक. बोटं गरम करून, पुन्हा मोजूनही 90च्या खाली राहत असेल तर खाली उतरायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा आडवं पडवत नसेल तर आकडा काहीही असो, थांबायचं नाही. प्रत्यक्षात तिचे आकडे असे आले: चंदीगडला 98, मनालीत पहिल्या संध्याकाळी 94, तिसऱ्या सकाळी 95, सिस्सूला गाडीतून उतरून बसल्यावर 91. धबधब्याकडे थोडं चालल्यावर 88 झाला आणि छातीत ठोके जाणवले. बसल्यावर काही मिनिटांत पुन्हा 91. तेवढ्यावर ते परत फिरले, आणि ते बरोबरच झालं.

त्याच संध्याकाळी फोन आला: डोकं दुखतंय, मळमळतंय. गरोदरपणात डोंगरावर सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, झोप न लागणं ही उंची न मानवल्याची लक्षणं, आणि हीच लक्षणं गरोदरपणाचीही. 20 आठवड्यांनंतर डोकेदुखी ही बीपी वाढल्याचीही खूण असू शकते, आणि ते चुकवून चालत नाही. म्हणून पहिला प्रश्न ऑक्सिजनचा नाही, बीपीचा. पाच मिनिटं बसून, पाठ टेकवून, मोजायला सांगितलं. 140/90 किंवा जास्त आलं असतं, किंवा डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर एकदम सूज असं काही असतं, तर लगेच रुग्णालय. बीपी 114/72 आलं. दिवसभरात पाणी किती प्यायली? अर्धी बाटली, कारण वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून टाळलं होतं. पॅरासिटामॉल 500ची एक गोळी, थोडंथोडं करून लिटरभर पाणी, हलकं जेवण, आणि चार तासांनी पुन्हा बीपी. डोकं तोवर थांबलं. थांबलं नसतं तर सकाळी कुल्लूकडे उतरायचं ठरलं होतं. बोलताना अडखळणं, सरळ रेषेत चालता न येणं, किंवा खोकला आणि धाप असती, तर सकाळची वाट न पाहता त्या रात्रीच.

औषधाच्या दुकानातून "उंचीची गोळी" म्हणून डायमॉक्स आणली जाते. ती गरोदरपणात आपल्या मनाने घ्यायची नाही. पर्यटकांना विकले जाणारे ऑक्सिजनचे छोटे डबेही उपचार म्हणून निरुपयोगी आहेत. 10 लिटरचा डबा मिनिटाला 2 लिटरने वापरला तर पाच मिनिटांत संपतो. धाप लागलेल्या बाईला तासन्‌तास ऑक्सिजन लागतो, त्यासाठी सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर हवा, आणि तो लावलेली गाडी खाली निघालेली हवी.

मनाली नको म्हणून महाबळेश्वर, असं बरेच जण परस्पर ठरवतात. 1,350 मीटरवर ऑक्सिजनची काळजी खरोखर नाही. पण रस्त्याची वेळ तिथेही लिहायची. महाबळेश्वरहून पाचगणीमार्गे पसरणी घाट उतरून वाई 32 किलोमीटर, तिथून सातारा आणखी 35, आणि महाबळेश्वरहून पुणे 120. मेच्या शनिवारी पाचगणीतून गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात. जुलैत धुकं, पाऊस आणि दरडी. 34 आठवड्यांच्या बाईला आठवड्याच्या मधल्या दिवशी, कोरड्या हवेत, सकाळी जाऊन संध्याकाळी परत या म्हणतो, जुलैतला मुक्काम नको म्हणतो. माथेरान तर जेमतेम 800 मीटर, पण पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाहीत. तिथे खोली घेताना नाक्यापासून ती किती लांब आहे, रात्री ई-रिक्षा मिळते का आणि गावातली रुग्णवाहिका कोणत्या नंबरवर येते, हे मालकाला विचारून फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं.